आमची वाटचाल : दोन स्विच, एक सर्व्हर आणि काट्यावरची रांग

पांढरकवड्यात आमचं दुकान सुरू झालं ते कम्प्युटर दुरुस्ती आणि झेरॉक्सचं. मग आसपासच्या गावांतून कॅमेरे बसवायची कामं आली, पतसंस्थांच्या, शाळांच्या केबलिंगची आली, आणि हळूहळू आम्ही नेटवर्कच्या धंद्यात शिरलो. आज आम्ही पाच जण आहोत. इतक्या वर्षांत ज्या कामाने आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं ते मारेगावच्या बाजूच्या एका जिनिंगचं. त्याच कामाबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा मुलगा मी आधी तिथेच नेतो.

जिनिंगमध्ये सगळं काट्यावर अडतं. भरलेली गाडी काट्यावर चढते, वजन होतं, गाडी खाली होते, रिकाम्या गाडीचं वजन होतं आणि पावती निघते. काट्याच्या खोलीतला कम्प्युटर ही दोन्ही वजनं ऑफिसमधल्या सर्व्हरवर टाकतो. त्याच सर्व्हरवर हिशेब आणि कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही चालतं. काटा गेटजवळ, ऑफिसपासून १८० मीटरवर. तांब्याची केबल १०० मीटरच्या पुढे चालत नाही, म्हणून तिथे आम्ही फायबर टाकली होती. मध्ये स्विच एकच.

दिवाळीनंतर कापसाची आवक जोरात असताना मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, लाइटा तं साऱ्या लागून हायेत, पण काटा काई घेऊनच नाई राह्यला. बाहेर वीस-बावीस गाड्या उभ्या हायेत, लोकं बोंबलून राह्यले." मी गेलो. स्विच हाताला चटका बसेल इतका तापलेला. मागची जाळी पाहिली तर रुईच्या तंतूंचा असा थर बसलेला की नमदाच. फॅन फिरत होता, पण हवा आत जात नव्हती. स्विचचा मेंदू अडकला होता आणि पोर्टचे दिवे मात्र हिरवेच होते. "दिवे लागलेत पण काम बंद" हा प्रकार लक्षात ठेवा, पुढे तोच महत्त्वाचा ठरला.

मालक म्हणाले, दुसरा स्विच लावा, एक गेला तर दुसरा चालला पाहिजे. सर्व्हरला दोन नेटवर्क पोर्ट होते. दोन स्विच एकमेकांना जोडले आणि सर्व्हरचा एक पोर्ट याला, एक त्याला दिला. सर्व्हरमधली व्हर्च्युअल मशीन ज्या ब्रिजवर बसतात त्याच ब्रिजमध्ये आमच्या मुलाने दोन्ही पोर्ट टाकले. झालं, वर्तुळ पूर्ण! एका स्विचमधून सर्व्हरमध्ये, सर्व्हरमधून दुसऱ्या स्विचमध्ये आणि तिथून परत पहिल्यात. ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांसाठी पाठवलेले निरोप, फिरत राहिले आणि मिनिटभरात अख्खं नेटवर्क बसलं.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे स्पॅनिंग ट्री. ती वर्तुळ ओळखते आणि एक वाट बंद करून ठेवते. आम्ही ब्रिजवर ती चालू केली, नेटवर्क शांत झालं. पण दुसरी केबल नुसती पडून राहिली, आणि वाट बदलायला लागणारा वेळ आमच्या कामाचा नव्हता. लिनक्सच्या ब्रिजमध्ये जुनी स्पॅनिंग ट्री असते. केबल सरळ तुटली तर बंद पोर्ट उघडायला १५ अधिक १५, म्हणजे ३० सेकंद लागतात. स्विच दिवे लावून अडकला तर आधी २० सेकंद जुनी माहिती मुदतीबाहेर जाण्याची वाट पाहायची, म्हणजे एकूण ५०. तेवढ्यात काट्याचं सॉफ्टवेअर सर्व्हरचा नाद सोडायचं, आणि अर्धवट पावतीमुळे भरलेली गाडी पुन्हा काट्यावर घ्यावी लागायची. रांगेत सकाळपासून उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हे कोणत्या तोंडाने सांगणार?

मग आम्ही दोन्ही पोर्टचा बाँड केला, म्हणजे दोन केबलींची मिळून एक वाट, आणि तीही एलएसीपी लावून, म्हणजे दोन्ही टोकं आपसात बोलून जुडी ठरवतात. दोन्ही दिवे हिरवे, स्विचवर तक्रार नाही. आम्हाला वाटलं जमलं. पण `/proc/net/bonding/bond0` उघडून पाहिलं तर असं होतं:

```
Slave Interface: eno1
Aggregator ID: 1
Slave Interface: eno2
Aggregator ID: 2
```

दोन वेगळे आकडे म्हणजे दोन वेगळ्या जुड्या. त्यातली एकच चालते, दुसरी नुसती बसून राहते. कारण एलएसीपीमध्ये समोरचा स्विच आपली ओळख पाठवतो: एक मॅक पत्ता आणि एक किल्ली. ज्या केबलींवर एकच ओळख येते त्यांचीच सर्व्हर जुडी बांधतो. आमचे दोन स्विच दोन वेगळी नावं सांगत होते. सर्व्हरचं काहीच चुकत नव्हतं.

म्हणजे दोन्ही स्विचनी सर्व्हरला एकच नाव सांगायला हवं होतं. मल्टी-चेसिस लिंक अॅग्रिगेशन म्हणजे एवढंच. सिस्को त्याला व्हीपीसी म्हणते, अरिस्टा एमलॅग, डेल व्हीएलटी. सर्व्हरकडची एलएसीपी सगळीकडे सारखीच, पण दोन स्विचमधली बोलाचाली ज्याची त्याची वेगळी. म्हणून जोडी एकाच कंपनीची आणि शक्यतो एकाच मॉडेलची घ्यावी लागते. नव्या स्विचची किंमत मालकांना झेपणारी नव्हती. आम्ही सिस्को नेक्ससची वापरलेली जोडी घेतली आणि दुकानात आठवडाभर चालवून पाहिली. पहिल्या स्विचवरचा गाभा असा:

```
vpc domain 10
  role priority 100
  peer-keepalive destination 192.168.50.2 source 192.168.50.1 vrf management
interface port-channel1
  switchport mode trunk
  vpc peer-link
interface port-channel20
  switchport mode trunk
  vpc 20
```

सर्व्हर जोडला आणि पुन्हा तीच फाइल उघडली. या वेळी दोन्ही पोर्टचा `Aggregator ID` एकच होता आणि समोरच्याचा पत्ता दिसत होता `00:23:04:ee:be:0a`. हा पत्ता दोन्हीपैकी कोणत्याच स्विचचा स्वतःचा नाही. जोडीचा आहे. शेवटचं `0a` म्हणजे आमचा डोमेन क्रमांक १०. ती ओळ मी मुलांना स्क्रीनवर बोट ठेवून दाखवली.

सर्व्हरमधला ब्रिज आता बाँडवर बसला, म्हणजे त्याला बाहेर जायची वाट एकच. वर्तुळ उरलंच नाही, आणि स्पॅनिंग ट्रीला बंद करायला काही सापडलं नाही. ती आम्ही काढली मात्र नाही. उद्या कुणी चुकून दोन पोर्टमध्ये केबल लावलीच तर राखणदार हवा. दोन स्विचमधल्या पीअर लिंकवरही नियम आहे: तिच्यावरून आलेली फ्रेम, पलीकडच्या स्विचचा सर्व्हरकडचा पोर्ट चालू असेल तर, इकडून सर्व्हरला द्यायची नाही. त्यामुळे तीच फ्रेम सर्व्हरकडे दोनदा जात नाही.

सर्व्हरवर `lacp_rate` आम्ही `fast` ठेवला. त्यामुळे स्विच दर सेकंदाला आपली हजेरी देतो आणि तीन सेकंद हजेरी आली नाही की सर्व्हर ती केबल सोडतो, दिवा हिरवा असला तरी. नमदा बसलेल्या स्विचवरचा हाच आमचा खरा इलाज. नेहमीचा `slow` ठेवला असता तर त्यालाच ९० सेकंद लागले असते.

दोन स्विच दोन खोल्यांत ठेवले, दोघांना वेगळा यूपीएस. कीपअलाइव्हची केबल दोघांच्या मॅनेजमेंट पोर्टमधून थेट ओढली, पीअर लिंकशी तिचा काही संबंध नाही. ती कशासाठी, हे पीअर लिंक उपटून पाहिल्यावरच कळतं. पीअर लिंक गेली पण कीपअलाइव्ह चालू असली की दुय्यम स्विचला कळतं, जोडीदार जिवंत आहे, आणि तो आपले जोडीतले पोर्ट स्वतः बंद करतो. दोन्ही एकदम गेल्या तर दोघंही स्वतःला मुख्य समजतात आणि घोळ सुरू होतो.

त्या चाचणीत आमची एक चूक उघडी पडली. काट्याची फायबर एकाच स्विचला होती, आणि तो नेमका दुय्यम निघाला. त्याने सर्व्हरचा पोर्ट बंद केला, काट्याचा पोर्ट चालू राहिला, पण काट्याला जायला वाट नाही. पुन्हा तेच, दिवा हिरवा आणि काटा बंद. फायबरमध्ये जास्तीच्या कोअर होत्या. काट्याच्या खोलीत एलएसीपी येणारा छोटा स्विच लावून त्याच्या दोन वाटा दोन्ही स्विचला दिल्या. दोन्ही कोअर एकाच नालीतून जातात, जेसीबी लागला तर दोन्ही जातील. हे मालकांना तेव्हाच सांगून ठेवलं आहे.

सगळं झालं असं वाटत असताना मार्चमध्ये अवकाळी आला. रात्री वीज पडली, लाइन गेली, यूपीएस संपले. सकाळी लाइन आली तेव्हा एका स्विचचा पॉवर सप्लाय जळालेला होता. दुसरा ठणठणीत, पण काटा बंद! मी दीड तास केबली तपासत बसलो. शेवटी `show vpc brief` मध्ये सर्व्हरचा पोर्ट `down` दिसला. दोघं एकदम बंद झाले होते. एकटा उठलेला स्विच जोडीदाराची वाट पाहत बसला होता, कारण जोडीदार मेला की फक्त दोघांमधली वाट तुटली हे त्याला ठरवता येत नव्हतं. आम्ही "एक चालू, एक बंद" तपासलं होतं. "दोन्ही बंद, मग एकच परत" हे तपासलं नव्हतं, आणि आपल्या भागात लाइनचा भरवसा नाही, इथे तर तेच आधी होणार. त्यावरची ओळ ही:

```
vpc domain 10
  auto-recovery reload-delay 240
```

२४० सेकंद वाट पाहूनही जोडीदाराची खबर आली नाही, तर उठलेला स्विच एकट्याने पोर्ट उघडतो. सॉफ्टवेअरच्या काही आवृत्त्यांत हे आधीपासून चालू असतं, आमच्या जोडीवर नव्हतं.

त्यानंतर आणखी तीन ठिकाणी आम्ही अशी जोडी लावली. दोन ठिकाणी मात्र नको म्हणालो. एका पतसंस्थेला दोन केबलींचा वेग जोडून दुप्पट हवा होता. तो तसा मिळत नाही. एका कम्प्युटरची एक फाइल एकाच केबलीवरून जाते, विभागणी वेगवेगळ्या जोडण्यांची होते. त्यांना फक्त केबल किंवा स्विच गेल्यावर काम चालू राहायला हवं होतं. त्यासाठी सर्व्हरवर `active-backup` बाँड आणि दोन साधे स्विच पुरले. स्विच दिवे लावून अडकला तर कळावं म्हणून त्यात एआरपीची तपासणी लावून दिली.

जिनिंगमध्ये आम्ही आता दरवर्षी दसऱ्याच्या आधी जातो. आधी जाळ्या साफ करतो. मग काट्यावर ट्रॅक्टर उभा करतो, मुनीमजी वजन घेत राहतात आणि आम्ही एकेक गोष्ट बंद करतो: सर्व्हरची एक केबल, मग एक स्विच, मग पीअर लिंक, आणि शेवटी दोन्ही यूपीएस बंद करून एकच स्विच परत चालू. या शेवटच्या चाचणीत मुनीमजी घड्याळ धरून बसतात. मागच्या वेळी स्विच चालू केल्यापासून पावती निघेपर्यंत नऊ मिनिटं लागली. त्यातली चार त्या २४० सेकंदांची, बाकी स्विच उठायची.