'सोडायचा विचार पहिल्यांदा कधी आला?'

आठ महिन्यांत माझ्या फ्लोअरवरच्या 13 वेटरपैकी 6 जण सोडून गेले. राजीनाम्यात जवळपास प्रत्येकाने 'वैयक्तिक कारण' असंच लिहिलं होतं. त्यातल्या पहिल्या पाचही जणांना मी शेवटच्या दिवशी केबिनमध्ये बोलावलं, समोर बसवलं आणि विचारलं, "काय झालं? काही त्रास होता का?" सगळ्यांनी सांगितलं की सगळं छान होतं, फक्त दुसरीकडे पगार थोडा जास्त मिळतोय. मी ते मान्य केलं आणि मालकांकडे पगारवाढीचा प्रस्तावही पाठवला.

चूक कुठे होती ते नंतर कळलं. ज्याने त्यांचं रोस्टर लावलं, ज्याची सही झाल्याशिवाय शेवटचा हिशोब मिळणार नव्हता आणि ज्याचा फोन नंबर ते पुढच्या नोकरीसाठी संदर्भ म्हणून देणार होते, तोच माणूस प्रश्न विचारत होता. अशा माणसाला कोण खरं सांगेल? पगाराचं कारण सांगणं सोपं असतं, त्यात कोणाला वाईट वाटत नाही.

मग आम्ही पद्धत बदलली. मुलाखत घ्यायचं काम अकाउंट्समधल्या ताईंकडे दिलं, कारण त्यांचा ड्युटीशी संबंध नव्हता. वेळ ठरवली ती शेवटच्या दिवसाची नाही, तर तीन-चार दिवस आधीची. दुपारची गर्दी संपल्यावर, रिकाम्या टेबलवर, वीस मिनिटं. सुरुवातीलाच ताई सांगायच्या, "तुझा हिशोब तयार आहे, तारीखही ठरली आहे. तू काहीही बोललास तरी त्यात फरक पडणार नाही." आणखी एक गोष्ट त्या आधीच स्पष्ट करायच्या: नाव बाहेर जाणार नाही, पण छळ किंवा मारहाणीसारखं काही सांगितलंस तर मला ते वर कळवावंच लागेल. हे आधी सांगणं फार गरजेचं आहे. गुप्ततेचा शब्द देऊन नंतर तो मोडण्यासारखं वाईट काही नाही.

प्रश्नही बदलले. 'का सोडतोस?' हा प्रश्न आम्ही काढूनच टाकला. त्याचं उत्तर माणसाने राजीनामा लिहितानाच तयार करून ठेवलेलं असतं. त्याऐवजी ताई विचारायच्या, "नोकरी सोडायचा विचार पहिल्यांदा मनात कधी आला? त्या दिवशी काय झालं होतं?" या प्रश्नाला ठोकळेबाज उत्तर देता येत नाही, कारण त्यासाठी एक दिवस आठवावा लागतो.

पद्धत बदलल्यावर पहिला बसला तो माझा चांगला वेटर, यादीतला सहावा. त्याने सांगितलेला दिवस शनिवारचा होता. रात्री क्लोजिंग करून सव्वाला बाहेर पडला आणि रविवारी साडेनऊला ओपनिंगला हजर झाला. मधे सव्वाआठ तास. येण्याजाण्यात दीड तास गेला, म्हणजे जेवण, अंघोळ आणि झोप या सगळ्याला मिळून पावणेसात. त्यात मंगळवारी आईला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून त्याने सुट्टी मागून घेतली होती, ती सोमवारी रात्री अकराला ग्रुपवर मेसेज टाकून बदलली गेली. ताईंनी विचारलं, "मग पगार?" तो म्हणाला, "ताई, पगार तिकडेही फारसा वेगळा नाही. तिकडे पंधरा दिवसांचं रोस्टर आधी लागतं."

एका माणसाच्या सांगण्यावरून व्यवस्था बदलू नये, हे मी मानतो. म्हणून जुनी रोस्टर्स काढली. गेलेल्या सहा जणांचे शेवटचे सहा आठवडे पाहिले आणि क्लोजिंगनंतर लगेच ओपनिंग, मधे 10 तासांपेक्षा कमी, अशा जोड्या मोजल्या. सहापैकी पाच जणांना आठवड्यातून दोनदा किंवा जास्त वेळा अशी जोडी लागली होती. फक्त गेलेल्यांचं मोजून चालत नाही, म्हणून त्याच आठवड्यांत राहिलेल्या सात जणांचंही मोजलं. त्यांच्यात असे दोघेच होते. आकडा लहान आहे आणि राहिलेल्यांपैकी बहुतेक जुने होते. जुन्यांना शिफ्टही बऱ्या मिळतात आणि ते तसेही सहसा जात नाहीत. त्यामुळे सगळा दोष रोस्टरचाच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण पगारवाढीपेक्षा हा उपाय कितीतरी स्वस्त होता, करून पाहायला हरकत नव्हती.

जोड्या लागत का होत्या ते शोधल्यावर खरं कारण सापडलं. रात्रीचा गल्ला मोजून बंद करायचं काम फक्त दोन कॅप्टनना येत होतं. त्यांच्या सुट्ट्यांभोवती सगळं रोस्टर फिरायचं आणि उरलेल्या खाचा नव्या मुलांनी भरल्या जायच्या. म्हणून आधी आणखी दोघा वेटरना गल्ला बंद करायला शिकवलं. त्याला तीन आठवडे लागले. मग दोन नियम केले: दोन शिफ्टमध्ये किमान 11 तास, आणि रोस्टर दहा दिवस आधी भिंतीवर. लागल्यानंतर बदल करायचा असेल तर त्या माणसाला फोन करून विचारायचं, त्याने हो म्हटलं तरच. नुसता ग्रुपवरचा मेसेज चालणार नाही.

या सगळ्यात माझ्याकडून एक मोठी चूक झाली. शिफ्टआधीच्या ब्रीफिंगमध्ये, बदल का केला हे सांगताना, आईला डॉक्टरकडे न्यायची गोष्ट मी नाव न घेता सांगितली. नावाची गरजच नव्हती, सगळ्यांना ती कोणाची हे ठाऊक होतं. कॅप्टनला वाटलं आपल्यावर आरोप झाला, आणि त्यानंतर गेलेल्या मुलाने ताईंसमोर तोंडच उघडलं नाही. तेव्हापासून उत्तरं माझ्यापर्यंत एकेकटी येत नाहीत. ताई तीन-चार मुलाखती जमल्या की मुद्दे एकत्र करून देतात, कोणाचं वाक्य जसंच्या तसं देत नाहीत. मात्र सुरक्षेची किंवा छळाची बाब त्याच दिवशी येते, तिथे थांबत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली: माणूस किती दिवसांनी गेला, यावरून उत्तर वेगळं वाचावं लागतं. किचनमध्ये भांडी घासणारा एक मुलगा अठराव्या दिवशी गेला. त्याला जेवायची सुट्टी कधी घ्यायची हेच कोणी सांगितलं नव्हतं, तो रोज सगळ्यांचं आवरल्यावर जेवायचा. ही रोस्टरची गोष्ट नाही, पहिल्या आठवड्याची आहे. महिन्याच्या आत गेलेल्यांची उत्तरं आता आम्ही वेगळ्या पानावर लिहितो आणि ती भरती व शिकवणीच्या बाजूने पाहतो. न सांगता गायब होणाऱ्यांना ताई महिन्याभराने फोन करतात आणि तोच एक प्रश्न विचारतात. निम्मे उचलत नाहीत, पण जे उचलतात ते मोकळेपणी बोलतात, कारण त्यांना आता आमच्याकडून काहीच नको असतं.

रोस्टर बदलल्यानंतरच्या पाच महिन्यांत फ्लोअरवरचे दोघे गेले, त्यातला एक शिक्षणासाठी. हे महिने तसे कमी गर्दीचे होते, म्हणून गर्दीचे महिने येईपर्यंत मी निष्कर्ष काढत नाही. दरम्यान तोच प्रश्न ताईंनी आता कामावर असलेल्यांनाही विचारायला घेतलाय: "गेल्या महिन्यात सोडून जावंसं कधी वाटलं?" तिघांनी टिपच्या वाटपाचं नाव घेतलं, तिघेही रविवारच्या रात्रीबद्दल बोलले. गेल्या सहा रविवारच्या टिपच्या नोंदी मी काल काढल्या आहेत.