बेटमोजणी, पुढचा भाग: शिवणीवर बेटं गायब

मंडळी, एकदाची शिवण सुटली. म्हणजे खरं तर जुळली. मागच्या नोंदीत एकाच टाइलवर फ्लड फिल नीट चालतंय इथपर्यंत आलो होतो. रिकर्शन काढून स्टॅक घातला आणि पायथनची हजार पातळ्यांची मर्यादा मागे पडली. एक टाइल म्हणजे SRTM ची `.hgt` फाइल, 3601 गुणिले 3601 बिंदू, उंची 0 पेक्षा जास्त असेल तर जमीन, नाहीतर पाणी. हा नियम मिठागरांवर आणि खाजणांवर थोडा अन्याय करतो, पण तो वाद आज नको.

आजचा विषय 19 अंश उत्तर. ही रेघ वरळी-परळच्या आसपास मुंबईला आडवी कापत जाते. त्यामुळे दक्षिण मुंबई `N18E072` मध्ये आणि दादरच्या वरची मुंबई `N19E072` मध्ये. दोन्ही टाइल वेगवेगळ्या मोजून आकडे मिळवले की मुंबई दोनदा मोजली जाणार, हे उघडच आहे. शिवण जुळवायची ती त्यासाठी.

आधी एक सुखद गोष्ट. 1 आर्कसेकंदाला एक बिंदू म्हटलं तर एका अंशात 3600 हवेत, मग 3601 का? कारण शेजारच्या टाइल कडेची एक ओळ सामायिक ठेवतात. फाइल उत्तरेकडून दक्षिणेकडे लिहिलेली असते, म्हणून `N19E072` ची शेवटची ओळ आणि `N18E072` ची पहिली ओळ म्हणजे तेच ते बिंदू. आडव्या शेजाऱ्यांत स्तंभांचंही तसंच. शिवणीपलीकडचा शेजारी कोण, तिरका शेजारी धरायचा की नाही, हे प्रश्नच उरत नाहीत. ग्रिडमधला कुठलाही 2×2 चौकोन कुठल्या तरी एका टाइलमध्ये पूर्ण बसतो, त्यामुळे चार शेजारी धरा नाहीतर आठ, प्रत्येक शेजारनातं कुठे ना कुठे टाइलच्या आतच तपासलं गेलेलं असतं. शिवणीवर फक्त एवढंच म्हणायचं: या पेशीला वरच्या टाइलने दिलेलं लेबल आणि खालच्या टाइलने दिलेलं लेबल एकाच जमिनीची आहेत.

आता डोकेदुखी. आपल्या गटातल्या एकाने सोपी युक्ती सुचवली होती: दोन्ही टाइलच्या बेटांची बेरीज करा, शिवणीवर भेटणाऱ्या लेबलांच्या वेगवेगळ्या जोड्या मोजा आणि तेवढे वजा करा. जोड्या संचात ठेवायच्या, म्हणजे तीच जोडी दहा ठिकाणी भेटली तरी एकदाच वजा होते. ऐकायला चोख. साध्या कंकणाकृती बेटावर, जिथे दोन अर्धी कडी शिवणीवर दोनदा भेटतात, तिथे उत्तर बरोबरही येतं. पण शिवणीभोवतीचा छोटा पट्टा हाताने जोडून त्याला एकसंध `label` केलं, तर युक्तीचा आकडा त्यापेक्षा कमी. जास्त आला असता तर लेबल सुटलंय म्हणालो असतो. कमी का?

वाचनाचा क्रम तपासला, बाइटचा क्रम तपासला (`'>i2'` लिहिलं नाही तर उंच्या वेड्यावाकड्या येतात, ते लगेच दिसतं), सामायिक ओळीतल्या उंच्या जुळवून पाहिल्या. सगळं ठीक. शेवटी पट्टा लहान करत करत एका नमुन्यावर आलो. तो आडवा मांडून साफ केला तो असा. डावीकडे पहिली टाइल, उजवीकडे दुसरी. डावीचा शेवटचा स्तंभ आणि उजवीचा पहिला स्तंभ एकच आहे:

```
####   ###
#...   ..#
#.##   ###
#.#.   ...
#.##   ###
#...   ..#
####   ###
```

डाव्या टाइलमध्ये दोन तुकडे: बाहेरची मोठी कड (अ) आणि आतली छोटी कड (आ). उजवीकडेही दोन: वरचा (क) आणि खालचा (ख). बेरीज 4. शिवणीवर वरून खाली उतरलो की जोड्या मिळतात अ-क, आ-क, आ-ख, अ-ख. चारही वेगळ्या, एकही पुन्हा आलेली नाही, संच काहीच गाळत नाही. 4 वजा 4 म्हणजे 0 बेटं. जमीन तर समोर दिसतेय, एकच, वळणावळणाची.

चौथी जोडी नवीन आहे, पण ती नवीन काही जोडत नाही. पहिल्या तीन जोड्यांतच चारही तुकडे एक झालेत. तेव्हा मोजायला हव्यात त्या फक्त यशस्वी जुळण्या, आणि त्या कळायला डीएसयूशिवाय गत नाही. खाडीकाठी अशी वळणं भरपूर, म्हणून इथे आकडा घसरतो. सरळ किनाऱ्यावर ही युक्ती वर्षभर खपली असती.

```
def find(x):
    while p[x] != x:
        p[x] = p[p[x]]
        x = p[x]
    return x

def join(a, b):
    a, b = find(a), find(b)
    if a == b:
        return 0
    p[b] = a
    return 1
```

शिवणीवर प्रत्येक जमिनीच्या पेशीमागे `n -= join(x, y)`. वरच्या नमुन्यात तीन वेळा 1 आणि एकदा 0 मिळतो, 4 वजा 3 म्हणजे 1. एक पथ्य: प्रत्येक टाइलची लेबलं 1 पासून सुरू होतात, म्हणून आधीच्या टाइलपर्यंतची एकूण लेबलं त्यांत मिळवायची, पण फक्त शून्येतर पेशींमध्ये. पाण्यातही मिळवली तर अख्खा अरबी समुद्र एक बेट होतो. आता पट्ट्याचा एकसंध आकडा आणि जोडून आलेला आकडा तंतोतंत जुळतात. त्या दिवशी चहा दोनदा झाला.

हत्यारांबद्दल माझं मत: टाइलच्या आतलं काम `scipy.ndimage.label` कडे सोपवलंय. स्वतःचं फ्लड फिल शिकायला उत्तम, पण एका टाइलमध्ये 1 कोटी 29 लाखांवर पेशी आहेत आणि शुद्ध पायथनच्या लूपमध्ये तेवढा धीर माझ्यात नाही. फक्त ध्यानात ठेवा, ते न सांगता चारच शेजारी धरतं. आठ हवे असतील तर `structure=np.ones((3,3))` द्यावं लागतं. दोन टाइलना वेगवेगळा नियम लावलात तर डीएसयू काय करणार?

मूळ बेत होता चारही टाइल (`N18E073` आणि `N19E073` धरून, चौघींचा कोपरा नवी मुंबईच्या किनाऱ्याजवळ येतो) एका मोठ्या ग्रिडमध्ये चिकटवायचा. हे लिहिता लिहिता तो रद्द केला. लेबल लावून झाल्यावर टाइलमधून लागतात फक्त चार कडा. बाकीची फेकून दिली तरी चालते. मग चारच का, अख्खी कोकणपट्टी एकामागून एक ओढता येईल.

आणि कडांबरोबर प्रत्येक लेबलचं क्षेत्रफळही ठेवतो, `join` मध्ये मुळाशी मिळवत जायचं. कारण ठिपके गाळायची चाळणी मी टाइलच्या आतच लावणार होतो: पाच पेशींपेक्षा लहान ते बाद. इथली एक पेशी सुमारे 900 चौरस मीटर. पण मोठ्या बेटाचं शिवणीपलीकडे डोकावणारं टोक तीन पेशींचं असू शकतं, आणि दोन मोठ्या तुकड्यांमधला एकमेव दुवा तेच असलं तर ते गाळताच बेट दुभंगतं. चाळणी सगळ्या जुळण्या झाल्यावरच. क्षेत्रफळ मोजताना सामायिक ओळ दोनदा येते, म्हणून प्रत्येक टाइलची शेवटची ओळ आणि शेवटचा स्तंभ त्या बेरजेतून वगळतोय.

पुढची टाइल `N17E073`, म्हणजे दापोली-गुहागर. हर्णैचा सुवर्णदुर्ग चाळणीतून वाचतो का, ते आधी बघणार. कुणाकडे त्या पट्ट्याचा हाताने तपासलेला पाण्याचा मुखवटा असेल तर सांगा, उंची 0 च्या नियमाचा मला आता कंटाळा आलाय.