होडीची नोंद ३ : ट्रान्समचा एक स्क्रू काढला आणि सौदाच बदलला

मागच्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे 14 फुटी फायबरची होडी, 40 अश्वशक्तीचं तीन सिलिंडरचं दोन स्ट्रोक आउटबोर्ड आणि ट्रेलर, असा सगळा संच बघायला दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी मी होडीच्या प्रेमात पडलो, म्हणून दुसऱ्या वेळी मुद्दाम मित्राला बरोबर नेलं. त्याला होडी नको होती, त्यामुळे त्याची नजर शाबूत होती.

बाहेरून होडी चकाचक. जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थराला, नुकतंच पॉलिश केलेलं, बाकांचं कापड नवीन. क्लीटभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या दोन-चार बारीक चिरा होत्या, पण तिथे दोराची ओढ बसते, तेव्हा त्यांचं मला काही वाटलं नाही. तळाला मात्र सरळ पट्टी लावून पाहिली, कारण होडी ज्यांवर टेकते त्या ट्रेलरच्या लाकडी पट्ट्या होडीच्या मागच्या भिंतीच्या बऱ्याच अलीकडे संपत होत्या. असं असलं की इंजिनाचं वजन मागे अधांतरी लोंबतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर तळाला मागच्या बाजूला पोक येतो. मग पाण्यात वेग घेतला की होडी नाक खाली घालते आणि कारण काही केल्या सापडत नाही. इथे पट्टी तळाला सगळीकडे टेकली. तळ पास झाला.

आता ट्रान्सम, म्हणजे इंजिन टांगतात ती मागची उभी भिंत. या आकाराच्या जुन्या होड्यांमध्ये तिच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं आणि दोन्ही बाजूंनी फायबरचं कातडं. कातडं कुजत नाही, प्लाय कुजतं. पाणी आत शिरतं ते कुणीतरी सील न लावता मारलेल्या स्क्रूच्या भोकांतून, आणि बाहेरून वर्षभर काही दिसत नाही.

इंजिन थोडं वर उचलून मित्राने खालच्या टोकाशी, पंख्यावरच्या पत्र्यावर, हळूहळू भार दिला. मी वरच्या काठाकडे डोळे लावून बसलो होतो. चांगला ट्रान्सम जागचा हलत नाही, पूर्ण होडी ट्रेलरवर डुलते. इथे काठ किंचित मागे गेला आणि भार काढल्यावर परत आला. मालक म्हणाले, "फायबर आहे, थोडं लवचिक असणारच." असेलही. पण बाकी होडी स्थिर राहून एकटी मागची भिंत लवते, तेव्हा दोष फायबरचा नसतो.

मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ठोकून पाहिलं. वर आणि उजवीकडे टणटणीत आवाज, डावीकडे खालच्या कोपऱ्याकडे जाताना तो धप्प व्हायला लागला. आवाजावर पूर्ण विसंबू नका. कोपऱ्यात जिथे आधाराची जाड पट्टी चिकटवलेली असते तिथे चांगला ट्रान्समही बसका वाजतो. म्हणून दोन्ही कोपरे एकमेकांशी ताडून पाहायचे. आमचा डावा आणि उजवा वेगळे वाजत होते.

मासे शोधायच्या यंत्राचा सेन्सर डावीकडे खाली, पाण्याच्या रेषेखाली, दोन स्क्रूंनी बसवला होता. मालकांना विचारून त्यातला खालचा एक काढला. स्क्रूच्या आट्यांमध्ये चहाच्या चोथ्यासारखा काळपट लगदा होता आणि भोकातून तपकिरी पाण्याचा एक थेंब ओघळून जेलकोटवर रेघ काढत खाली आला. होडी तीन आठवडे पाण्याबाहेर होती, असं मालकांनीच आधी सांगितलेलं. मालक त्या थेंबाकडे बघत गप्प झाले. त्यांनाही खरंच माहीत नव्हतं, असं मला वाटतं.

मालकांच्या परवानगीने आतल्या बाजूने 6 मिलिमीटरचं एक भोक पाडलं. बाहेरचं कातडं फोडायचं नाही. डाव्या कोपऱ्यात ड्रिलवर ओला काळा भुसा आला. उजवीकडे त्याच उंचीवर पाडलं तर कोरडा, पिवळसर. दोन्ही भोकं तिथेच इपॉक्सीने बुजवली.

इंजिन मी जाण्याआधी चालू करू नका, असं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. झाकण काढून हात लावला, थंड. तिन्ही प्लग काढले, प्लगच्या तारा इंजिनाच्या धातूला जोडून ठेवल्या, नाहीतर इग्निशनचा डबा जळू शकतो. मग एकेका प्लगच्या भोकात सिलिंडरमधला दाब मोजायचं गेज लावलं आणि थ्रॉटल जितका उघडेल तितका उघडून काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवला. आकडे आले 112, 110 आणि 108. गेज प्रत्येकाचं थोडं वेगळं दाखवतं, म्हणून आकड्यापेक्षा आपसातला फरक बघायचा. तो दहा टक्क्यांच्या आत असला की मी पुढे जातो.

खालच्या गिअरकेसचं तेल मात्र बोलकं निघालं. इंजिन रात्रभर उभं होतं, त्यामुळे आत पाणी असेल तर ते तळाशी बसलेलं असणार. खालचा स्क्रू अगदी थोडा सैल केला. आधी दोन-तीन थेंब गढूळ, मग दुधाळ तेल. पंखा काढला तर मागे शाफ्टला मासेमारीची नायलॉनची दोरी गच्च गुंडाळलेली, पाणी अडवणाऱ्या सीलच्या ओठात रुतून बसलेली. स्क्रूच्या चुंबकावर करडी मऊ पेस्ट होती, धातूचे तुकडे नव्हते. म्हणजे गिअर वाचले असावेत आणि खर्च सीलचा. पण दुधाळ तेलावर इंजिन किती दिवस चाललं, हे कुणीच सांगू शकत नाही. त्यामुळे तो धोका मी किमतीत धरला.

प्लग परत बसवून, पाण्याच्या नळीवर इंजिन सुरू केलं. थंड असताना दुसऱ्या झटक्याला लागलं आणि मागून पाण्याची धार एकसारखी पडत राहिली. इंजिनाबद्दल यापेक्षा जास्त, पाण्यात भार देऊन चालवल्याशिवाय कळत नाही.

ट्रेलर पटकन आटोपला. डावं चाक जॅकवर उचलून वरून आणि खालून धरून हलवलं तर खडखड, फिरवलं तर घरघर. टोपी काढली, ग्रीस गंजाच्या रंगाचं. बेअरिंग गेलेलं. टायरची नक्षी मात्र नव्यासारखी आणि तिथेच माणूस फसतो. कडेला कोड होता 2314, म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर फार चालत नाही, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाटे आणि चौकट ठीक.

शेवटी मालकांना स्पष्ट सांगितलं, "मी इंजिन आणि ट्रेलरचे पैसे देतो, होडीचे नाही." ते चिडले नाहीत. काढलेला स्क्रू अजून त्यांच्या तळहातावर होता. दोन दिवसांनी हो म्हणाले.

काल आतल्या बाजूने ट्रान्समचं कातडं कापायला घेतलं. सेन्सरच्या भोकापासून वर साधारण 30 सेंटिमीटरपर्यंत प्लाय बोटांनी चुरा होतंय, वरच्या उजव्या चतकोरात अजून ठणठणीत आहे. वाटलं होतं त्यापेक्षा कमी कुजलंय. तरी जुनं चांगलं लाकूड ठेवून त्याला नवा तुकडा जोडायचा नाही, अख्खी फळीच बदलायची, असं ठरवलंय, कारण इंजिनाचे बोल्ट नेमके त्या सांध्यावरून जातील. पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवलाय.