वृत्तांची वही: लघु-गुरू, ‘यमाताराजभानसलगा’ आणि दिव्याचा घोळ

मंडळी, वृत्तांच्या अभ्यासात आता जरा पुढे सरकलोय, भुजंगप्रयात हातात बसलंय आणि मंदाक्रांता कानाला ओळखू येतंय, म्हणून या टप्प्यापर्यंतच्या नोट्स टाकतोय. हा धडा अवघड वाटतो कारण पुस्तकात आधी गणांचा तक्ता येतो, मग प्रत्येक वृत्ताची ‘म भ न त त ग ग’ टाइप अक्षरं, आणि आपण ती पाठ करत बसतो, पण वृत्त काही केल्या कानात शिरत नाही. माझं म्हणणं असं की अक्षरं पाठ करूच नका, चाल पाठ करा, आणि त्याची किल्ली त्या एका जुन्या शब्दातच आहे.

यमाताराजभानसलगा. दहा अक्षरं. ज्या गणाचं रूप हवंय त्या अक्षरापासून सलग तीन अक्षरं उचलायची. य गण म्हणजे यमाता, लघु गुरू गुरू. म गण मातारा, तिन्ही गुरू. त गण ताराज, र गण राजभा, ज गण जभान, भ गण भानस, न गण नसल, स गण सलगा. शेवटचे ल आणि गा म्हणजे सुटा लघु आणि सुटा गुरू. तीन अक्षरांच्या लघु-गुरूच्या आठच रचना होऊ शकतात आणि त्या आठही या एका ओळीत एकदाच येतात, ही गोष्ट मला अजूनही भारी वाटते.

आता खरी गंमत. भुजंगप्रयात म्हणजे य य य य. मग सरळ ‘यमाता यमाता यमाता यमाता’ असं चार वेळा म्हणा, तीच त्याची चाल. गझलवाले हेच ‘लगागा लगागा लगागा लगागा’ असं लिहितात. मनाचे श्लोक घरात ऐकलेले असतील तर ही चाल तुमच्या कानात आधीपासून आहे, माझ्या तर आजीमुळे आहेच. ओळ फोडून बघा:

गणाधी / शजोई / शसर्वां / गुणांचा

ग लघु, णा गुरू, धी गुरू. मग श लघु, जो गुरू, ई गुरू. तिसऱ्या गणात श लघु, आणि स दिसायला ऱ्हस्व असला तरी पुढे र्व हे जोडाक्षर आहे, आवाज ‘सर्‌’वर आपटतो, म्हणून तो गुरू. र्वां गुरू. शेवटी गु लघु, णां गुरू, चा गुरू. बारा अक्षरं, चार य.

इथेच एक गोष्ट पक्की करून घ्या. बोलताना आपण ‘गणाधीश्’ असं शेवटचं अक्षर गिळतो, वृत्तात मात्र तो श पूर्ण म्हणायचा आणि मोजायचाही. ‘घर’ बोलताना एका झटक्यात जातं, वृत्तात ते दोन लघु. ओळ मोजताना एखादं अक्षर कमी पडतंय असं वाटलं तर बहुतेक वेळा असा गिळलेला अ सापडतो.

आणि ‘तरी श्रीहरी पाविजेतो स्वभावे’ या ओळीतला स्व बघा. त्यात दोन व्यंजनं आहेत म्हणून ते अक्षर गुरू होत नाही, कारण जोडाक्षराचा भार आधीच्या अक्षरावर पडतो, स्वतःवर नाही. आधीचा ‘तो’ तर मुळातच गुरू आहे. स्व लघु, भा गुरू, वे गुरू, य गण बरोबर बसला.

आता दिव्याचा घोळ, ज्यावर सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा असं मला वाटतं. ‘जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू’ एवढाच अर्धा नियम लक्षात राहतो. पूर्ण नियम असा की त्या आधीच्या अक्षरावर आघात येत असेल तरच ते गुरू. दोन ओळी मीच रचल्यात, दोन्ही भुजंगप्रयातात:

जसे दिव्य काही नभातून यावे
दिव्याच्या उजेडात ती वाट पाहे

पहिलीत ‘जसेदि / व्यकाही / नभातू / नयावे’. इथे आपण ‘दिव्‌व्य’ असं दाबून म्हणतो, दि गुरू. दुसरीत ‘दिव्याच्या / उजेडा / तती वा / टपाहे’. हा दिवा आहे, त्याचं दिव्या झालंय, दि वर जोर येतच नाही, म्हणून तो लघु. लिहायला सारखंच, पण मोठ्याने म्हटलं की फरक लगेच कळतो. तसंच विद्या मधला वि गुरू आणि नद्या मधला न लघु. तुझ्या, तिच्या, पुन्हा, कुऱ्हाड या सगळ्यांत पहिलं अक्षर लघुच. साधारण खूण अशी की संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द असेल तर आघात येतो, आणि मराठी शब्दाला प्रत्यय लागताना मध्ये ‘य’ शिरला असेल किंवा न्ह, म्ह, ऱ्ह असा हकार मिसळला असेल तर बहुधा येत नाही. पण ही खूणच, शेवटचा निकाल तोंडाने म्हणून लावायचा. ‘पुन्हा पावसाने भिजे गाव सारे’ ही ओळ कागदावर नियम लावून तपासली तर पु गुरू धरला जाईल आणि ओळ पहिल्याच अक्षराला मोडलेली दिसेल, म्हणून बघितली की ती सरळ चालते.

मंदाक्रांता आता. म भ न त त ग ग, सतरा अक्षरं, आणि यती म्हणजे थांबा चौथ्या आणि नंतर दहाव्या अक्षराला. गणांनी म्हटलं तर ‘मातारा भानस नसल ताराज ताराज गागा’, पण असं म्हणून चाल लागत नाही कारण थांबे गणांच्या मधोमध पडतात. म्हणून मी तीच अक्षरं थांब्यांप्रमाणे तोडली:

मातारा भा, नसनसलता, राजताराजगागा

हे चार-पाच वेळा मोठ्याने म्हणा आणि लगेच मेघदूताची पहिली ओळ म्हणा, ‘कश्चित्कान्ता, विरहगुरुणा, स्वाधिकारात्प्रमत्तः’. तंतोतंत बसते. आधी चार जड पावलं, मग पाच लघु भरभर आणि शेवटी गुरूवर टेकायचं, नंतर हेलकावे. मला वृत्त ओळखायला तो मधला पाच लघूंचा पट्टाच पुरतो, ओळीच्या सुरुवातीला चार गुरू आणि लगेच पाच लघु दिसले की गण पाडायच्या आधीच मंदाक्रांता म्हणायचं आणि मग खात्रीला मोजायचं.

मालिनीलाही हीच युक्ती चालते, न न म य य, थांबा आठव्या अक्षराला: ‘नसलनसलमाता, रायमातायमाता’. सुरुवातीचे सहा लघु ही तिची खूण.

एक छोटी गोष्ट राहिली, चरणाचं शेवटचं अक्षर लघु असलं तरी गरज पडेल तिथे गुरू धरतात, त्यामुळे शेवटच्या एका अक्षरासाठी अख्खं वृत्त रद्द करू नका. आणि हे सगळं फक्त अक्षरगणवृत्तांना लागू. मात्रावृत्तात लघूची एक आणि गुरूची दोन मात्रा धरून बेरीज करायची असते, आणि ओवी-अभंगाला यमाताराज लावायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही.

सध्या शार्दूलविक्रीडित घेतलंय, म स ज स त त ग, एकोणीस अक्षरं, थांबा बाराव्याला. इथे थांबा नेमका गण संपतो तिथेच येतो त्यामुळे तोडायला सोपं, ‘मातारासलगाजभानसलगा, ताराजताराजगा’. म्हणता येतंय पण या चालीत स्वतःची ओळ अजून उतरत नाहीये, पहिल्या तीन गुरूंनंतर लगेच दोन लघु येणारे मराठी शब्द शोधतोय. ‘आकाशी’ने सुरुवात करून पुढे ‘घन’ ठेवलाय, आकाशी घन, आता तिथे एक गुरू आणि मग ज गणात बसणारं काही सुचत असेल तर सांगा.