सातव्या माळेचा अंगठा

नवरात्रातली सातवी माळ होती, सकाळी साडेनऊला क्लिनिकचं शटर वर करतोय तर पायरीवर एक जण बसलेला, उजवा पाय समोर लांब केलेला आणि शेजारी त्याची आई. ओळखीचाच पेशंट, सातपूरला लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे, वय बेचाळीस. दोन्ही पाय अनवाणी, पण नवरात्रात आमच्याकडे निम्मी माणसं अनवाणीच असतात त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही.

"डॉक्टर, पायात काहीतरी घुसलंय, रात्री तीनला उठलो ते झोपच नाही. पंख्याचा वारा पण सहन होईना पायाला."

हे वाऱ्याचं वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. पाय बघितला. अंगठ्याच्या मुळाचा सांधा टोमॅटोसारखा लाल, कातडी ताणून चकचकीत झालेली, हात जवळ नेला तर लावायच्या आधीच तो ओरडला. मी तरी टॉर्च आणि भिंग घेऊन तळवा नीट तपासला, कारण अनवाणी चालणाऱ्या माणसाला काटा किंवा लोखंडाची कीस घुसून सांध्यात पू झाला असेल आणि आपण गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात बसून येणारी सूज, म्हणून सोडून दिलं तर सांधा जाऊ शकतो. छिद्र नाही, जखम नाही, ताप नाही, शुगर ९२. आणि संध्याकाळपर्यंत काहीच नव्हतं, मध्यरात्रीनंतर एकदम भडकलं, काही तासांत टोकाला. काट्याचा पू एवढ्या घाईत नसतो.

मग वजन केलं. ९१ किलो. जुनी फाईल काढली तर आदल्या वर्षी १०२.

"कधी उतरवलंत एवढं?"

"गणपती विसर्जनानंतर. बावीस दिवस झाले." हे सांगताना एवढ्या दुखण्यातही चेहऱ्यावर अभिमान होता.

जिममधल्या कोणीतरी चॅलेंज दिलं होतं. भात, पोळी, साखर सगळं बंद, फक्त अंडी, पनीर, चिकन. (पितृपक्षात घरी नॉनव्हेज चालत नाही म्हणून डबा वर्कशॉपवर मागवून खायचा, हे आईसमोर बोलून गेला आणि मग दोन मिनिटं मायलेकांचं वेगळंच सुरू झालं.) घट बसले तसं चिकनही गेलं आणि दिवसभर लिंबूपाणी, रात्री एक कप दूध, बस. पाणी पण कमीच, वर्कशॉपमध्ये ऑक्टोबरची गरमी आणि घाम. लघवीची पट्टी बुडवली तर कीटोनचा चौकोन गडद जांभळा झाला.

आता खरं सांगायचं तर इथे माझीच चूक होती आणि ती फाईलमध्ये माझ्याच अक्षरात होती. वर्षापूर्वी रुटीन तपासणीत त्याचं युरिक अ‍ॅसिड ८.६ आलेलं, मी खाली लिहिलं होतं, 'वजन कमी करा'. किती वेगाने, कसं, एक अक्षर नाही. आणि बीपीची जी गोळी मी दिलेली तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं, ज्याने युरिक अ‍ॅसिड आणखी वाढतं. म्हणजे आग लावायचं अर्धं सामान माझ्याकडूनच गेलेलं.

तो वैतागला होता, आणि बरोबरच होतं त्याचं. "वजन वाढलं की युरिक अ‍ॅसिड वाढतं म्हणालात, मी तर अकरा किलो उतरवलं, मग आत्ताच कसं झालं?"

त्याला समजावलं ते असं. रक्तात साधारण ६.८ च्या वर गेलं की युरिक अ‍ॅसिड विरघळून राहात नाही, त्याचे सुईसारखे खडे सांध्यात बसायला लागतात, गार भागात जास्त, म्हणून पायाचा अंगठा. ते वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतात. उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून कीटोन तयार होतात, आणि किडनीत युरिक अ‍ॅसिड बाहेर पडायला जो रस्ता आहे तिथेच हे कीटोन गर्दी करतात. त्यात पाणी कमी, वर स्वतःचंच मांस मोडतंय त्यातून नवं युरिक अ‍ॅसिड. पातळी झपकन हलली की झोपलेले खडे डिवचले जातात. वजन हळूहळू उतरलं तर युरिक अ‍ॅसिड खरंच खाली येतं, पण असं धाडकन उतरवलं तर आधी वर जातं. लठ्ठपणाचं ऑपरेशन केलेल्या गाऊटच्या पेशंटमध्ये पण सुरुवातीच्या आठवड्यांत अटॅक येतात आणि पुढे जाऊन कमी होतात, तोच प्रकार.

दुपारी रिपोर्ट आला, युरिक अ‍ॅसिड १०.४. किडनी ठीक. पण आकडा नॉर्मल आला असता तरी मी निदान बदललं नसतं, ऐन अटॅकमध्ये कधीकधी तो खोटा कमी दिसतो आणि भलेभले फसतात.

गाऊटची सूज उतरवणारं कोल्चिसिन दिलं, ०.५ च्या दोन गोळ्या लगेच आणि एक तासाभराने, जुलाब झाले तर लगेच कळवा म्हणून बजावलं. पाय उशीवर, टॉवेलात गुंडाळून बर्फ, आणि आजच्या आज खायला सुरुवात.

इथे आई आडवी आली. "सातवी माळ आहे डॉक्टर, घट बसलेत घरात. उपवास कसा मोडायचा?"

मी म्हणलं, "मावशी, मोडायला कोण सांगतंय? तुम्ही स्वतः काय खाता उपवासाला?"

"मी आपली भगर, दाण्याची आमटी, रताळं, ताक."

"मग हेच द्या त्याला. दोन वेळा, पोटभर, आणि दिवसाला तीन लिटर पाणी."

तिने लेकाकडे असं बघितलं की मला हसू आवरेना. म्हणजे गंमत बघा, आपल्या परंपरेच्या उपवासात पिष्ट भरपूर, त्यामुळे कीटोन तेवढे चढतच नाहीत, घोटाळा केला तो या जिमवाल्या उपवासाने. त्याने वर तूरडाळ आणि पालक पण सोडलेला, कुणीतरी सांगितलं म्हणून. डाळी-पालकाने गाऊटचा धोका वाढल्याचं दिसत नाही, मटण, कलेजी, सुकी मासळी, बियर आणि कोल्ड्रिंकची साखर हे खरे.

तिसऱ्या दिवशी तो लंगडत का होईना पण चालत आला, दसऱ्याला वर्कशॉपची पूजा त्यानेच केली. बीपीची गोळी बदलून लोसार्टान दिली, ती युरिक अ‍ॅसिड थोडं उतरवते. वजन महिन्याला दोन किलोपेक्षा जास्त नाही असं ठरलं, भात-पोळीसकट. पाच किलो परत चढले, त्यातलं बरंचसं पाणीच होतं.

सहा महिन्यांनी वजन ८९, युरिक अ‍ॅसिड ७.३. हवं होतं सहाच्या खाली. नुसतं वजन उतरवून तिथपर्यंत पोचतातच असं नाही, हे त्याला आवडलं नाही. मधे फेब्रुवारीत अजून एक छोटा अटॅक येऊन गेलेला, म्हणून शेवटी युरिक अ‍ॅसिड उतरवणारं अ‍ॅलोप्युरिनॉल १०० पासून सुरू केलं, सोबत पहिले काही महिने रोज एक कोल्चिसिन, कारण या गोळीनेही पातळी हलते आणि सुरुवातीला अटॅक येऊ शकतो. हे या वेळी फाईलवर सविस्तर लिहिलं, अंगावर पुरळ आलं तर गोळी बंद करून लगेच या, हे पण.

यंदा घटस्थापनेच्या दिवशी सकाळी मावशींचा फोन आला, "भगर टाकलीय, त्याच्या समोर बसूनच खाऊ घालतेय. पण डॉक्टर, यंदा त्याला चप्पल घालायला सांगू का?"

चपलेचा काही संबंध नाही, असं मी सांगितलं.