तुम्ही विचारलंत म्हणून: पिवळ्या उसाचा निकाल

“मामा, पस्तीस वर्षं उसात काढलीत, आणि आम्ही फोटो पाठवला की ‘ठरवता येत नाही’ म्हणून लिहिता. अंदाज तरी सांगा की!”

अंदाज असतो हो. फोटो उघडल्या उघडल्या मनात येतोच. गेल्या सप्टेंबरातला एक सांगतो, म्हणजे त्या अंदाजाची लायकी कळेल.

दूधगंगेच्या काठचा, चिकोडी तालुक्यातला पोरगा. संध्याकाळी साडेसहाला फोटो आला: हातात धरलेलं एक पान, मागं मावळतीचं आभाळ. खाली मजकूर, “ऊस पिवळा पडलाय, काय मारू?” बस्स. त्याच आठवड्यात पलीकडच्या कन्नड गावातनं एकाचा निरोप होता, “कब्बु हळदी आगेद.” त्याचाही अर्थ तोच, ऊस पिवळा झालाय. भाषा कुठलीही असो, ‘पिवळा’ या एका शब्दात आमच्याकडे निदान सहा दुखणी मावतात.

पोराला मी विचारलं, लागण की खोडवा? खोडवा म्हणाला. जमीन? काळी, चुनखडीची. झालं, माझ्या डोक्यात लोहाची कमतरता पक्की बसली. चुनखडीच्या रानात लोह असूनही मुळांना उचलता येत नाही आणि खोडव्यात ते हमखास दिसतं. लिहून टाकावं, लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट, दोन फवारण्या. पण मी लिहिलं ते असं: “ठरवता येत नाही. पान शेंड्याकडचं की बुडाकडचं ते कळत नाही. पानाची खालची बाजू दिसत नाही. पिवळेपणा रानभर आहे की ठिकठिकाणी ते लिहिलेलं नाही. सकाळी आठच्या आत, ऊन पाठीशी घेऊन, तीन फोटो काढ: आख्खं बेट बाजूनं, वरून तिसऱ्या-चौथ्या पानाची खालची शीर, आणि बांधावरून सगळं रान. आणि एक बेट धरून हलवून बघ.”

पोरगा चिडला. चौकातल्या खताच्या दुकानदारानं त्याला फोटो न बघताच युरियाचं पोतं सांगितलं होतं.

आता या मागण्या हौसेच्या नव्हत्या. नत्र कमी पडलं तर ऊस बुडाकडच्या जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला पुरवतो, म्हणून पिवळेपणा खालून चढतो आणि पान सगळं सारखंच फिकट होतं. लोह तसं जुन्या पानातून नव्यात जात नाही. म्हणून लोहाची कमतरता शेंड्यावर दिसते, आणि तिथं शिरा हिरव्या राहून मधल्या पट्ट्या पिवळ्या पडतात. म्हणजे एकच प्रश्न, पान वरचं की खालचं, आणि त्यावर दोन्ही रस्ते वेगळे होतात. हातात धरलेल्या सुट्या पानाच्या फोटोत नेमकं तेच गळून पडलेलं असतं. माझ्या जागी कोणी शास्त्रज्ञ बसवला तरी त्या पानावरून त्याला ते सांगता यायचं नाही. त्यात संध्याकाळचा उजेड. त्या उजेडात शेजाऱ्याचा हिरवागार ऊससुद्धा पिवळाच येतो. एकदा काढून बघा.

पिवळ्या पानाच्या रोगात तिसराच प्रकार. तो विषाणूचा, मावा पसरवतो. मधली शीरच पिवळी पडते, तीही आधी पानाच्या खालच्या बाजूनं, वरून तिसऱ्या ते सहाव्या पानावर. वरच्या बाजूनं काढलेल्या फोटोत सुरुवातीचा रोग चक्क लपतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आले. आख्खं बेट मरगळलेलं, वरची पानंही फिकी, खालचीही. शिरा आणि पान यांत रंगाचा फरक नाही. म्हणजे माझं लोह गेलं. खालची शीर पिवळी नाही. विषाणूची बाजूही बरीच उतरली. बांधावरच्या फोटोत पिवळेपणा रानभर नव्हता, ठिगळं होती, चार पावलं हिरवा, मग दहा-बारा बेटं पिवळी. खत कमी पडलं असतं तर अशी ठिगळं सहसा पडत नाहीत. बेट हलवल्याचं मात्र काही लिहिलं नव्हतं. फोन केला.

“हलवलंस का?”

“न्हाई मामा, त्यानं काय कळणार?”

“हलव. मी फोन धरून बसलोय.”

मिनिटभरानं आवाज आला, “मामा, मेथीची जुडी उपटावी तसं हातात आलं की हो.” मुळं कुरतडलेली, खाली माती उकरली तर इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या, मळकट पांढऱ्या पाच अळ्या. हुमणी. आपल्याकडे कन्नड शेतकरी तिलाच गोण्णे हुळ म्हणतात. मुळंच नाहीत तर पोत्यातला युरिया जाणार कुठं? आणि मी लोह लिहिलं असतं तर दोन फवारण्यांत तीन आठवडे गेले असते, तोवर ठिगळं एकमेकांना मिळाली असती. तसाही सप्टेंबरात अळी मोठी झालेली असते, औषधाला दाद कमीच देते. जे वाचायचं ते वाचलं, बाकीचं पुढच्या वळवानंतर कडुनिंबावरचे, बाभळीवरचे भुंगेरे गोळा करण्यावर ठेवलं.

म्हणजे पस्तीस वर्षांचा अंदाज चुकीचा होता. तो मी त्याला सांगितला नाही, एवढंच काय ते शहाणपण.

तुमच्यातल्या काहींचं म्हणणं, ठरत नसेल तर ‘रोग नाही’ लिहा, निदान जिवाला घोर नको. इथं मला माझीच एक चूक सांगावी लागेल. कारखान्याच्या शेतकी खात्यात नवीन होतो. बेणे प्लॉटची तपासणी माझ्याकडे होती. कागदावर दोनच रकाने, ‘रोग आहे’ आणि ‘रोग नाही’. एका प्लॉटची पानं कापून कचेरीत आणून दिलेली, सुकून सुरळी झालेली. खालची शीर उलगडून बघता येईना. ‘आहे’ म्हणायला काही दिसेना, म्हणून मी ‘नाही’वर खूण केली. न दिसणं आणि नसणं यांच्यामध्ये माझ्या पेनाची एक रेघ होती, ती मी न बघता ओलांडली. त्या प्लॉटचं बेणं सोळा शेतकऱ्यांकडे गेलं. पुढच्या वर्षी त्यातल्या काही रानांत सहाव्या-सातव्या महिन्यापासून पिवळ्या शिरा उठल्या. या रोगाला औषध नाही. निरोगी बेणं, शक्यतो टिश्यूकल्चरचं, एवढाच उपाय, आणि मी नेमकं बेणंच पास केलं होतं. साहेब मला काही बोलले नाहीत. त्या शेतकऱ्यांपैकी एक जण बोलला, ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर मी कागदावर हातानं तिसरा रकाना आखला.

त्या तिसऱ्या रकान्यातही दोन जाती आहेत, हे मला पुढं कळलं. पहिली वरच्या पोरासारखी: माहिती रानात आहे, फोटोत नाही. तिथं मागणी लिहायची, नवीन फोटो आला की निकाल. दुसरीत फोटो आरशासारखा स्वच्छ असतो, तरी ठरत नाही. तीन महिन्यांच्या उसाचा खालच्या शिरेचा सुंदर फोटो पाठवून कोणी विचारतं, पिवळ्या पानाचा रोग नाही ना? हा रोग डोळ्याला बहुधा पाच-सहा महिन्यांनंतरच दिसतो. आत विषाणू असला तरी तीन महिन्यांचं पान हिरवंच असेल. त्याला ‘अजून चांगला फोटो पाठवा’ म्हणणं म्हणजे बिचाऱ्याला हेलपाटा. त्याला लिहायचं, “आज ठरवता येत नाही. सहाव्या महिन्यात परत बघू. बेण्याला हवंच असेल तर पान प्रयोगशाळेत तपासून घ्या, तोवर या रानातलं बेणं देऊ नका.”

लोह की नत्र, एवढंच अडलं असेल तर आणखी एक सोपी वाट आहे. पाच बेटांवर फेरस सल्फेटचं पाणी फवारायचं, बाजूची पाच तशीच ठेवायची. आठ-दहा दिवसांत फवारलेली हिरवी झाली तर रानानंच निकाल दिला. पंपाचं एक झाकण औषध लागतं, तरी लोक आख्खं एकर फवारून मग मला विचारतात.

उलट बाजूही सांगायला हवी. माझ्या हाताखाली एक पोरगा होता, हुशार, पण दहातल्या आठांना ‘ठरवता येत नाही’ लिहायचा. त्याला कोणी चूक म्हणू शकत नव्हतं ना! मी त्याला एकच अट घातली: काय मिळालं तर ठरेल ते त्याच ओळीत लिही, लिहिता येत नसेल तर तो रकाना वापरायचा नाही. आठातले पाच कमी झाले. एकदा त्यानं असाच परत पाठवलेला फोटो मी बघितला. हललेला, धूसर, अर्ध्यात शेतकऱ्याचं बोट. पण बेटातनं गवतासारखे बारीक, पांढुरके वीस-पंचवीस फुटवे आलेले स्पष्ट दिसत होते. गवताळ वाढ. तिथं पान कितवं, शीर कशी, काही विचारायची गरज नव्हती. बेट मुळासकट काढून जाळ, एवढंच लिहायचं. फोटो वाईट होता, पण ज्यानं निकाल लागतो ते त्यात होतं.

आणि रानात आठवडाभर पाणी तुंबलंय म्हणून कोणी कळवलं तर मी नत्र की लोह यात शिरतच नाही. काहीही असलं तरी पहिलं काम चर काढायचंच. ‘कारण ठरवता येत नाही, चर आज काढ’ असं लिहितो, आणि पंधरा दिवसांनी परत फोटो मागवतो.

तर अंदाज सांगायला मला जड काहीच जात नाही. फक्त मी अंदाज म्हणून सांगितलेलं दुकानाच्या पायरीपर्यंत जाईस्तोवर ‘मामांनी सांगितलंय’ होतं. आणि तिथून पोतं घेऊन परत येतं.

दूधगंगेचा तो पोरगा आता फोटो बरोबर सकाळीच पाठवतो. परवाच्या फोटोत बेटाशेजारी फुटपट्टीसुद्धा उभी केली होती. ती कशासाठी, ते मी अजून विचारलेलं नाही.