कनेक्टिंग विमान चुकलं, बुकिंग 'कन्फर्म' होतं, तरी बोर्डिंग पास मिळेना : माझा अनुभव

मोबाईलवर उद्याच्या विमानाचं बुकिंग दिसतंय. नाव, तारीख, वेळ सगळं बरोबर आहे. तरीही काउंटरवरचा माणूस बोर्डिंग पास देत नाही, हॉटेलचं कूपनही देत नाही, आणि का देत नाही हेही सांगत नाही. परदेशात रात्री अडकलेल्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. यामागचं कारण अगदी साधं, तांत्रिक आहे. ते कळलं असतं तर काम पंधरा मिनिटांत झालं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी वाळूजच्या एका कंपनीत इंजिनीअर आहे. नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी जर्मनीला गेलो होतो. परतीचा प्रवास फ्रँकफर्टहून आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर आणि तिथून मुंबई, असा एकाच तिकिटावर होता. मुंबई ते छत्रपती संभाजीनगर हे तिकीट मात्र वेगळं काढलेलं. मधल्या विमानतळावर १ तास ५० मिनिटांचा वेळ होता. फ्रँकफर्टहून विमान निघालंच उशिरा आणि उतरलं १ तास ३५ मिनिटं उशिरा. हाती राहिली पंधरा मिनिटं, आणि गेट तर उड्डाणाच्या वीस मिनिटं आधीच बंद होतं. मुंबईचं विमान चुकलं.

अशा वेळी विमान कंपनीची यंत्रणा बऱ्याचदा आपण उतरायच्या आतच पुढच्या विमानात जागा धरून ठेवते. माझ्या ॲपमध्येही दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान दिसत होतं. बाहेर पडून इमिग्रेशनच्या रांगेत न लागता 'ट्रान्सफर' अशा पाट्यांच्या मागे मी गेलो, पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी झाली आणि ट्रान्सफर डेस्क सापडला. इथपर्यंत काहीच अडचण नाही.

अडचण सुरू झाली ती डेस्कवरच्या पहिल्याच उत्तराने. "तुमचं बुकिंग झालंय, सकाळी गेटवर पास मिळेल." हे उत्तर घेऊन कुणीही तिथून हलू नये. बाजूच्या मशीनमध्ये पासपोर्ट घातला तर 'एजंटला भेटा' असा संदेश आला. हॉटेलचं कूपन देणाऱ्या माणसाने नवा बोर्डिंग पास मागितला. कॉल सेंटरला फोन लावला तर ते म्हणाले, "तिकीट एअरपोर्टच्या ताब्यात आहे, आम्हाला इथून हात लावता येत नाही." एअरपोर्टवाले म्हणत होते कॉल सेंटरला विचारा. आमच्या विमानातले पन्नासेक प्रवासी त्याच रांगेत होते, लहान मुलं, म्हातारी माणसं घेऊन. कंपनीने एक माणूस उभा करून हे नीट समजावलं असतं तर ती रांग अर्ध्या वेळात संपली असती. या गोष्टीचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी रात्रपाळीच्या एक वरिष्ठ बाई डेस्कवर आल्या. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बोट ठेवून दाखवलं. माझ्या तिकिटाखाली दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत फ्रँकफर्टचं विमान आणि त्यापुढे FLOWN. दुसऱ्या ओळीत चुकलेलं मुंबईचं विमान आणि त्यापुढे CHECKED IN. सकाळच्या विमानाचा त्या तिकिटावर पत्ताच नव्हता.

झालं होतं ते असं. विमान कंपनीकडे आपली दोन वेगळी कागदं असतात. एक आरक्षण, म्हणजे सहा अक्षरांचा पीएनआर, ज्यात कोणत्या विमानात जागा धरली आहे ते असतं. दुसरं ई-तिकीट, तेरा आकडी क्रमांकाचं, ज्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात. पैसे भरल्याचा पुरावा हे तिकीट असतं आणि त्यात प्रत्येक विमानासाठी एक कूपन असतं. आपोआप झालेल्या बदलात फक्त पीएनआर बदलला होता. तिकिटाचं कूपन अजून जुन्याच विमानाला बांधलेलं होतं. चेक-इनची यंत्रणा मात्र त्या विमानाचं, त्या तारखेचं, मोकळं कूपन शोधते. ते नसलं की पास छापतच नाही.

आणि कूपन मोकळं का नव्हतं? कारण फ्रँकफर्टला मला दोन्ही बोर्डिंग पास एकदमच दिले होते. त्या क्षणी मुंबईचं कूपन 'चेक-इन झालेलं' ठरलं आणि विमानतळाच्या ताब्यात गेलं. खात्यात पैसे आहेत, पण जुन्या चेकसाठी अडवून ठेवलेत आणि तो चेक रद्द झाल्याशिवाय नवा वटत नाही, तशातली ही गत. विमान उडाल्यावर न आलेल्या प्रवाशांचं चेक-इन काढून कूपन सोडायचं असतं, गर्दीच्या रात्री ते तसंच लटकून राहतं. कॉल सेंटरचा माणूस खोटं बोलत नव्हता. ते कूपन फक्त विमानतळावरच्या डेस्कलाच सोडता येतं.

बाईंनी आधी मला चुकलेल्या विमानातून उतरवलं, म्हणजे त्यांच्या भाषेत ऑफलोड केलं. CHECKED IN च्या जागी OPEN FOR USE आलं. मग ते कूपन वापरून सकाळच्या विमानाचं नवं तिकीट काढलं. या बदलाचं कारण कंपनीचं आहे अशी नोंद केली, त्यामुळे भाड्यातला फरक किंवा दंड काहीच लागला नाही. मग लगेच बोर्डिंग पास छापला. चहा निवायला लागतो तेवढाही वेळ या कामाला लागला नाही.

म्हणून डेस्कवर "माझी सोय करा" असं मोघम न म्हणता नेमकं एवढंच म्हणा : "प्लीज ऑफलोड मी फ्रॉम द मिस्ड फ्लाइट अँड रीइश्यू माय तिकीट." समोरच्याला काय करायचं ते लगेच कळतं. काम झालं की नाही हे ओळखायची खूण म्हणजे कागदावरचा तिकीट क्रमांक. नवं तिकीट निघालं असेल तर तेरा आकडी क्रमांकही नवा असतो. काही वेळा जुनाच क्रमांक ठेवून फक्त विमान बदलतात, तेही चालतं, पण मग हातात बोर्डिंग पास आल्याशिवाय खात्री धरू नका. नुसतं ॲपमध्ये 'कन्फर्म' दिसणं पुरेसं नाही.

सामानाचंही त्याच वेळी विचारून घ्या. बॅगेच्या टॅगवर दहा आकडी क्रमांक असतो, त्याची चिठ्ठी पाससोबत चिकटवलेली असते. तो क्रमांक दाखवून बॅग नव्या विमानाला जोडायला सांगा. प्रवासी ज्या विमानात नाही त्यात त्याची बॅग सहसा चढवत नाहीत, त्यामुळे तिकीट अर्धवट राहिलं तर बॅगही मागे राहते. रात्री बॅग हातात मिळण्याची आशा ठेवू नका. औषधं, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच हवा.

हॉटेलबद्दल एक गोष्ट. शहरातल्या हॉटेलात जायचं तर त्या देशात शिरायची परवानगी लागते आणि भारतीय पासपोर्टवर ती मिळेलच असं नाही. डेस्कवाले ते बघून सांगतात. नाही मिळाली तर विमानतळाच्या आतलं ट्रान्झिट हॉटेल किंवा झोपायच्या खुर्च्या असलेलं लाउंज मागा. मला बाहेर जाता आलं असतं, पण बसची वाट, इमिग्रेशन, सकाळी पुन्हा तपासणी हे सगळं धरून झोपायला तीनच तास उरत होते. मी आतलंच घेतलं आणि ते बरं झालं. जेवणाची कूपनं वेगळी मागावी लागतात, आपणहून देत नाहीत.

घरी जाफराबादला फोन केला तर अण्णांचा पहिला प्रश्न, "मग आता कधी यायलास?" संभाजीनगरचं विमान पहाटेचं होतं, ते गेलंच. ते तिकीट वेगळं असल्यामुळे आधीच्या उशिराची जबाबदारी त्या कंपनीवर येत नाही. मात्र प्रवास झाला नाही तरी सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतं, आपल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेचा तसा नियम आहे. मागितल्याशिवाय येत नाही, मागून घ्या. मी मुंबईहून रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरली. मराठवाड्यातल्यांनी शक्य असेल तर शेवटचा टप्पाही त्याच तिकिटावर काढावा, नाहीतर मुंबईत उतरणं आणि पुढचा प्रवास यात भरपूर वेळ ठेवावा.

निघण्याआधी डेस्कवरून उशिराचं पत्र घ्यायचं. त्यात विमान क्रमांक, किती उशीर आणि कारण लिहिलेलं असतं. कंपनीत रजेसाठी आणि प्रवास विम्यासाठी ते लागतंच, पण खरा उपयोग पुढे आहे.

युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम आहे. संघातल्या विमानतळावरून निघालेल्या प्रवासाला तो लागू होतो, विमान कंपनी कुठल्याही देशाची असो. दोन्ही विमानं एकाच बुकिंगमध्ये असतील तर उशीर शेवटच्या ठिकाणी मोजतात. अंतर ३५०० किलोमीटरपेक्षा जास्त आणि मुक्कामी पोचायला चार तासांहून जास्त उशीर, तर भरपाई ६०० युरो. फ्रँकफर्ट–मुंबई अंतर यात सहज बसतं. हीच गोष्ट मुंबईहून जर्मनीला जाताना, संघाबाहेरच्या कंपनीच्या विमानात झाली असती तर हा नियम लागला नसता. वादळ किंवा हवाई वाहतूक नियंत्रणाचा अडथळा असेल तर कंपनीला सूट मिळते. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड मात्र सूट मिळण्याचं कारण ठरत नाही.

माझ्या पत्रावर तांत्रिक कारण लिहिलेलं होतं. तरीही कंपनीचं पहिलं उत्तर आलं ते प्रवासाच्या व्हाउचरचं. ते नाकारा. व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सही असलेली संमती लागते, असं त्याच नियमात आहे. मी पत्राची प्रत आणि दोन्ही बोर्डिंग पास जोडून पुन्हा लिहिलं आणि रक्कम मंजूर झाली. अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावरच भरता येतो, मधल्या दलालाला टक्केवारी द्यायची गरज नाही. फॉर्ममध्ये आयबॅन, म्हणजे युरोपात चालणारा बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक मागतात, तो आपल्याकडे नसतो. तिथे खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे पाठवताना बँक ओळखायचा कोड, द्यायचा. तालुक्याच्या शाखेला बहुधा स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो, तेव्हा आपल्या बँकेत जाऊन परदेशी रक्कम कोणत्या शाखेच्या कोडवर घेतात ते विचारा आणि तोच लिहा.